जुनी चॅट वरपर्यंत उघडत नाही: मॉडेलची मर्यादा संपली की ॲपचा बिघाड? सपोर्टला काय लिहायचं?

निपाणीकर

पतसंस्थेची जुनी इतिवृत्तं कानडीतून मराठीत आणायचं काम एका एआय चॅटमध्ये चाललंय. सगळं एकाच लांबलचक चॅटमध्ये, कारण सुरुवातीलाच शब्द ठरवून दिलेत: ‘भागधारक’ नको, ‘सभासद’ लिहा, ठरावाचा क्रमांक मूळ आकड्यातच ठेवा, वगैरे.

आता दोन गोष्टी होतायत. पहिली म्हणजे भाषांतरात पुन्हा ‘भागधारक’ येऊ लागलंय. दुसरी अशी की चॅट उघडली की खालचे थोडे संदेश दिसतात, पण वर सरकवलं की नुसतं गोल फिरत राहतं. जुनं काहीच येत नाही.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, ‘संभाषण फार मोठं झाल्याने मर्यादा ओलांडली आहे, नवीन सुरू करा.’ चॅटमध्येच मॉडेलला विचारलं तर तेही म्हणतं की माझी मर्यादा संपली म्हणून जुनं दिसत नाही. हे खरं मानायचं का? नवीन सुरू करायला हरकत नाही, पण जुनी भाषांतरं अडकलीत त्यांचं काय?

खडेबाजार_डीटीपी

सपोर्ट बरोबर सांगतोय. प्रत्येक मॉडेलला एका वेळी ठरावीक टोकनएवढाच मजकूर पेलतो, टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे पाडतं ते छोटे तुकडे. आपली गोची अशी की देवनागरी असो की कानडी, टोकन इंग्रजीपेक्षा जास्त खाते. ‘बेळगाव’ घ्या: ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व, अशी सहा चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये एकेकाला तीन बाइट, म्हणजे १८. इंग्रजी `Belgaum` सातात बसतं. त्यात तुमच्याकडे मूळ कानडी आणि खाली मराठी, दोन्ही त्याच चॅटमध्ये. मर्यादा भरणारच. नवीन चॅट उघडा आणि मोकळे व्हा.

माधवी_टिळकवाडी

अण्णा, बाइटचा हिशेब बरोबर आहे. फक्त बाइट म्हणजे टोकन नव्हे. मराठी शब्दाचे किती तुकडे पडतील हे त्या मॉडेलच्या टोकनायझरवर ठरतं, आणि नवे टोकनायझर भारतीय लिप्यांना जुन्यांपेक्षा बरेच सोयीचे आहेत. पण निष्कर्ष मला पटत नाही, कारण यात दोन वेगळी प्रकरणं एकाच पिशवीत गेलीत.

पडद्यावर जी हिस्टरी दिसते ती मॉडेलकडून येत नाही. ती कंपनीच्या डेटाबेसमध्ये साठवलेली असते. चॅट उघडली की ॲप सर्व्हरकडून ती मागून घेतं, बहुतेक वेळा खालून वर, थोडी थोडी करून. त्या क्षणी मॉडेलचा काहीही संबंध नसतो. मॉडेल बंद असलं तरी जुने संदेश दिसायला हवेत.

मॉडेलला स्वतःचं काही आठवत नसतं. तुम्ही नवा संदेश पाठवला की मागचं संभाषण दरवेळी नव्याने त्याच्यापुढे मांडलं जातं. त्या मांडणीला जागेची मर्यादा आहे. कुठे १,२८,००० टोकन, कुठे दोन लाख, कुठे त्याहून जास्त, आणि येणारं उत्तरही त्याच जागेत बसवायचं असतं. मजकूर मावेनासा झाला की काही ॲप स्पष्ट सांगतात की चॅट फार लांब झाली. काही ॲप न सांगता जुना भाग गाळतात, काही त्याचा सारांश करून ठेवतात. सारांश झाला की ‘पतसंस्थेची इतिवृत्तं’ एवढं त्याला कळतं, पण ‘भागधारक नको, सभासद’ हा बारकावा निसटतो.

म्हणून आधी दोन प्रश्न वेगळे करा. जुनं दिसतंय का? जुनं मॉडेलला आठवतंय का? दिसतंय पण आठवत नाही, तर मर्यादेचा संशय घ्या. आठवतंय पण दिसत नाही, तर तो ॲपचा किंवा सर्व्हरचा बिघाड, मॉडेलच्या डोक्यावर फोडू नका. दिसतही नाही आणि आठवतही नाही, तेव्हा आधी खातं तपासा. दुसऱ्या ईमेलने लॉगिन झालेलं असतं, किंवा ती चॅट तात्पुरत्या मोडमध्ये झालेली असते.

आणि मॉडेलला ‘तुला जुनं का दिसत नाही’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्याला सर्व्हरची नोंद दिसत नाही, तुमचा पडदाही दिसत नाही. तुमच्या प्रश्नाला शोभेल असं उत्तर ते देतं. सपोर्टला लिहिताना ‘मॉडेल स्वतःच म्हणालं’ हे वाक्य तर अजिबात घालू नका. त्यानेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

उगारवाला

माझं पण असंच होतंय. घरच्या संगणकावरच मॉडेल चालवायला ओलामा टाकलंय, दहा-बारा प्रश्न झाले की पहिलं सगळं विसरतं. वर सगळं दिसतंय की, तरी विसरतं. म्हणजे हा बग का?

माधवी_टिळकवाडी

उगारवाले काका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे हिस्टरी तर दिसतेय, प्रश्न फक्त आठवण्याचा आहे. मॉडेल मोठी जागा पेलू शकत असलं तरी ओलामा आपणहून बरीच लहान जागा धरून चालतं, आणि त्यापुढचं जुनं गुपचूप कापतं. हा बग नाही, सेटिंग आहे. `ollama run` ने मॉडेल सुरू केल्यावर तिथेच हे टाईप करा:

```
/show info
/set parameter num_ctx 8192
```

पहिल्या ओळीने मॉडेलची स्वतःची कमाल मर्यादा `context length` समोर दिसेल. दुसरीने त्या सत्रापुरती जागा वाढेल. आकडा वाढवला की रॅमही जास्त लागते, म्हणून एकदम टोकाला नेऊ नका. मशीन रांगायला लागेल. वर वेगळा चॅटचा पडदा लावला असेल तर ही सेटिंग तिथेच शोधा, टर्मिनलमध्ये बदलून त्याला कळणार नाही.

निपाणीकर, तुम्ही खुणेची चाचणी करा. पण त्याआधी खालचे जे संदेश दिसतायत ते कॉपी करून बाजूला ठेवा. काही ॲपमध्ये हिस्टरी अर्धवट आलेली असताना नवा संदेश टाकला की संभाषणाला वेगळाच फाटा फुटतो आणि मग मूळ शोधत बसावं लागतं.

खूण अशी निवडा की अंदाजाने सांगता येणार नाही. ‘आपण कशावर काम करत होतो?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, खाली दिसणाऱ्या दोन संदेशांवरून कुणीही सांगेल. तुमच्याकडे मूळ कागद आहेत ना? सुरुवातीला दिलेल्या एखाद्या इतिवृत्तातली रक्कम किंवा ठराव क्रमांक विचारा, जो नंतर पुन्हा कुठेच आलेला नाही. ॲपमध्ये ‘मेमरी’सारखी सोय असेल तर ती तेवढ्यापुरती बंद करा, नाहीतर उत्तर दुसऱ्या चॅटमधून येईल आणि आपण भलताच अर्थ काढू.

अचूक उत्तर आलं तर तो भक्कम पुरावा: मजकूर सर्व्हरवर आहे आणि मॉडेलपर्यंत पोचतोय. उत्तर नाही आलं तर तेवढ्यावरून मजकूर गेला असं ठरवू नका. जुना भाग कापला गेला असेल, नाहीतर सारांशात आकडा राहिला नसेल.

खानापूर_रानवाट

एवढं कशाला? रेंज नसली की असंच होतंय बघा. आमच्याकडे जंगलाच्या बाजूला गेलं की सगळंच गोल फिरतंय. ब्राउझरचा सगळा डेटा पुसा, परत लॉगिन करा, येतंय.

माधवी_टिळकवाडी

रेंजचा मुद्दा रास्त आहे, तो तपासायलाच हवा. पण पुसायची घाई नको. साइटचा डेटा पुसला की लॉगिन जातं, अर्धवट टाईप केलेलं जातं, आणि बिघाड काय होता ते पाहायची संधीही जाते. आधी काहीही न पुसता तीन गोष्टी बघा: तीच चॅट मोबाइल डेटावर, तीच चॅट दुसऱ्या ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, आणि त्याच खात्यातली दुसरी एखादी जुनी चॅट. फोनवर उघडली आणि संगणकावर नाही, तर दोष त्या ब्राउझरचा, एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा तिथल्या नेटचा. फार लांब चॅटमध्ये टॅबच दमतो, `Aw, Snap!` येतं. तीही मॉडेलची मर्यादा नव्हे.

निपाणीकर

केलं. निकाल असा:

एका ठरावातली कर्जाची रक्कम विचारली, सुरुवातीच्या इतिवृत्तातली, नंतर कुठे न आलेली. रुपये-पैशांसह अचूक सांगितली. मेमरी बंद होती. म्हणजे पडद्यावर नाही पण त्याला ठाऊक आहे.

फोनच्या ॲपमध्ये, मोबाइल डेटावर, तेच. खाजगी खिडकीतही तेच. बाकीच्या जुन्या चॅट नीट वरपर्यंत जातात, नवी चॅटही चालते.

मग ‘भागधारक’ का येतंय? ठरावाची रक्कम आठवते आणि शब्द आठवत नाही, हे कसं?

माधवी_टिळकवाडी

हिस्टरीचं बरंचसं उलगडलं. मोबाइल डेटावर वेगळ्या ॲपमध्येही तेच, बाकी चॅट ठीक, आणि मॉडेलला जुना आकडा माहीत. म्हणजे या एका चॅटचा जुना भाग सर्व्हरकडून पडद्यापर्यंत येताना अडतोय. सपोर्टचं ‘मर्यादा ओलांडली’ हे या भागाला लागू होत नाही.

‘भागधारक’चं मी ठामपणे सांगणार नाही. सारांशात रक्कम टिकून शब्दांची सूचना गळली असेल, असं होऊ शकतं. किंवा सूचना अजून समोर असूनही लांब मजकुरात मॉडेल ती पाळेनासं झालं, हेही होतं. फरक बघायचा तर ‘सभासद आणि भागधारक यांबद्दल मी काय सूचना दिली होती?’ असं विचारू नका, त्यात उत्तर तुम्हीच भरवताय. ‘शब्दांच्या निवडीबद्दल मी दिलेल्या सूचना जशाच्या तशा लिही’ एवढंच विचारा. सूचना आली तर ती समोर आहे, पाळली जात नाही. आली नाही तर बहुधा गळली आहे. दोन्हीत उपाय एकच, सूचना पुन्हा द्यायची, म्हणून सपोर्टच्या तक्रारीत हा विषय मिसळू नका. एका पत्रात दोन तक्रारी घातल्या की सोप्या तक्रारीचं उत्तर देऊन तिकीट बंद करतात.

आता पुरावा. संगणकावर क्रोममध्ये ती चॅट उघडा, `F12` दाबा, `Network` टॅबवर जा, `Fetch/XHR` निवडा. मग पान पुन्हा लोड करा आणि वर सरकवा. गोल फिरू लागलं की यादीत नवी ओळ येते. तिच्या `Status` मधला आकडा बघा, आणि किती वेळ लागला ते `Time` मध्ये.

`401` असेल तर लॉगिन संपलंय. `403` किंवा `404` असेल तर खातं चुकीचं, किंवा चॅट पुसली गेली. `429` म्हणजे कमी वेळात फार विनंत्या झाल्या, थोडं थांबा. `500` च्या घरातलं काहीही असेल तर दोष त्यांच्या बाजूला. आकड्याऐवजी `(failed)` असेल तर बहुधा नेट, `(blocked)` ने सुरू होत असेल तर जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन बघा. मॉडेलची मर्यादा इथे दिसतच नाही. ती दिसते संदेश पाठवताना: पाठवल्यावर लगेच चॅट लांब झाल्याचा निरोप येतो, एपीआय वापरणाऱ्याला `400` आणि सोबत `context_length_exceeded` असं काहीतरी. चूक उघडताना होते की पाठवताना, एवढं बघितलं तरी निम्मा घोळ मिटतो.

निपाणीकर

पहिली ओळ `200`, लगेच. वर सरकवल्यावरची दुसरी ओळ अर्धा मिनिट लटकते आणि मग `504`. पुन्हा लोड केलं तरी नेमकं तिथेच अडतं, एक संदेशही वर नाही. माझ्या कागदांवरून बघितलं तर त्याच्या लगेच वर मी इतिवृत्ताच्या पानांचे फोटो एकगठ्ठा चढवलेले होते.

खडेबाजार_डीटीपी

मग मी म्हणालो तेच झालं की. चॅट मोठी झाली म्हणूनच अडतंय!

माधवी_टिळकवाडी

अर्धं मान्य. चॅट जड झाल्यामुळे सर्व्हर वेळेत उत्तर देऊ शकला नसेल, `504` चा अर्थ तोच, मागच्या यंत्रणेकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. पण जड चॅट उघडता न येणं हा सर्व्हरचा दोष आहे, मॉडेलच्या टोकनची मर्यादा नव्हे. फरक कामाचा आहे: मर्यादा त्यांना दुरुस्त करायची नसते, बिघाड करायचा असतो. ‘मर्यादा’ म्हणून नोंद झाली की तिकीट तिथेच संपतं.

फोटोंचा गठ्ठा हे कारण असू शकतं. पत्रात ते निरीक्षण म्हणून लिहा, कारण म्हणून नको.

त्या `504` च्या ओळीवर क्लिक करून `Headers` मध्ये `Response Headers` बघा. तिथे `x-request-id` किंवा `cf-ray` असं काही सापडलं तर ते मूल्य जसंच्या तसं कॉपी करा. त्यावरून त्यांना त्यांच्या नोंदीत नेमकी तुमची विनंती शोधता येते. वेळ यूटीसीमध्येही लिहा, आपली वेळ वजा साडेपाच तास. रात्री ९:४० म्हणजे यूटीसी १६:१०. नुसतं ‘काल रात्री’ लिहिलं तर समोरच्याला काय शोधायचं तेच कळत नाही.

पत्र साधारण असं:

> विषय: एका जुन्या चॅटचे जुने संदेश लोड होत नाहीत, 504 (टोकन मर्यादेची तक्रार नाही)
>
> चॅटचा आयडी: पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा भाग
> खात्याचा ईमेल: ज्याने लॉगिन केलंय तोच
> वेळ: तारीख, 21:40 IST / 16:10 UTC
> विनंतीचा आयडी: x-request-id चं मूल्य
>
> काय केलं: चॅट उघडून वर सरकवलं.
> काय व्हायला हवं: आधीचे संदेश दिसायला हवेत.
> काय होतं: पहिली विनंती 200. दुसरी सुमारे 30 सेकंदांनी 504. दरवेळी त्याच संदेशाशी.
>
> कुठे पाहिलं: क्रोम, खाजगी खिडकी आणि फोनचं ॲप, ब्रॉडबँड आणि मोबाइल डेटा. सगळीकडे तेच. याच खात्यातल्या इतर चॅट पूर्ण उघडतात.
>
> मर्यादा का वाटत नाही: चूक संदेश पाठवताना नव्हे, चॅट उघडताना येते. पडद्यावर न दिसणाऱ्या जुन्या संदेशातला आकडा मॉडेलने अचूक सांगितला.
>
> निरीक्षण: अडणाऱ्या जागेच्या लगेच वर बरेच फोटो जोडलेले आहेत.
>
> विनंती: जुने संदेश सर्व्हरवर आहेत का ते कळवावं आणि ते मिळण्याचा मार्ग सांगावा.

ब्राउझर आणि ॲपची आवृत्ती पण लिहा. इंग्रजीत पाठवलंत तर लवकर पुढे सरकेल, पण चुकीचा निरोप पडद्यावर जसा आहे तसाच द्या, भाषांतर करून नको.

सई_शहापूर

सपोर्टवाले एचएआर फाइल मागतात पुष्कळदा. ती द्यायची का?

माधवी_टिळकवाडी

सई, आपणहून देऊ नये, मागितली तर विचार करून. त्या फाइलमध्ये पानाने पाठवलेलं आणि आलेलं सगळं असतं. कुकी त्यात गेली तर तेवढ्यावर दुसरा माणूस तुमच्या खात्यात शिरू शकतो. नव्या क्रोममध्ये `Export HAR (sanitized)` आहे, त्यात कुकी वगळली जाते, पण आलेला मजकूर राहतोच. निपाणीकरांच्या बाबतीत म्हणजे सभासदांची नावं आणि कर्जाच्या रकमा. आधी फक्त त्या ओळीच्या `Headers` चा स्क्रीनशॉट द्यावा, `Cookie` आणि `Authorization` ची ओळ झाकून. चॅटची सार्वजनिक लिंक तर मुळीच बनवून देऊ नये, आयडी पुरतो.

खानापूर_रानवाट

पैसे भरून वरचा प्लॅन घेतला तर?

खडेबाजार_डीटीपी

काही ठिकाणी वरच्या प्लॅनला जागा जास्त मिळते. विसरण्याला थोडा उतारा पडेल. `504` ला नाही पडणार, एवढं आता मीही मानतो.

निपाणीकर

माधवीताई, पत्र तसंच पाठवलं, इंग्रजीत. यावेळी ‘नवीन सुरू करा’ आलं नाही. तिकीट तांत्रिक विभागाकडे दिलंय आणि फोटो कोणत्या फॉरमॅटचे होते ते विचारलंय.

मधल्या वेळात सेटिंगमधून खात्याचा सगळा डेटा निर्यात करायला टाकला होता. ईमेलने लिंक आली. झिपमधल्या जेसन फाइलमध्ये या चॅटचे सगळे संदेश आहेत, वरच्या पहिल्यापासून. फोटो मात्र सगळे नाहीत, काहींची नुसती नावं आहेत. शब्दांच्या सूचना विचारल्या तर त्याने दोनच सांगितल्या, ‘सभासद’वाली नव्हतीच.

माधवी_टिळकवाडी

निर्यात मिळाली हे छान झालं. भाषांतरं त्यातून काढून घ्या. नोटपॅडमध्ये मराठीऐवजी `\u092c` असं काही दिसलं तर घाबरू नका, मजकूर बिघडलेला नाही. फाइल फायरफॉक्समध्ये उघडली की अक्षरं नीट दिसतात.

फोटोंची नुसती नावं राहिलीत हे तिकिटात पुढचा प्रतिसाद म्हणून लिहा. जोडलेल्या फाइली काही काळाने सर्व्हरवरून काढल्या जात असतील, आणि ॲप त्या नसलेल्या फाइलींची वाट बघत बसत असेल, असं होऊ शकतं. खरं काय ते त्यांच्याच नोंदीत कळेल.

पुढचं काम नव्या चॅटमध्ये करा. शब्दांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दर इतिवृत्ताच्या आधी ती चिकटवा, आणि एका चॅटमध्ये एका वर्षाचीच इतिवृत्तं घ्या.

उगारवाला

`num_ctx` वाढवलं. आता आठवतंय, पण उत्तर यायला चहा पिऊन होतो. ४०९६ वर आणून बघतो.